पीडीएफ बिलावरची डिजिटल सही: बिल घेणाऱ्याने काय पाहावे आणि कुठे पाहावे

प्रश्न: आमची वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. वायगाव हळदीची पावडर नागपूरच्या एका व्यापाऱ्याला देतो. बिल डोंगलने डिजिटल सही करून पीडीएफमध्ये मेल करतो. त्यांचे दिवाणजी म्हणतात की सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि Validity Unknown असे दिसते, म्हणजे बिलात मध्येच कोणीतरी हात घातला आहे, म्हणून पेमेंट थांबवले. आमच्या कॉम्प्युटरवर तर हिरवी खूण दिसते. आमची सही चुकली का? आणि बिल बदललेले नाही हे त्यांनी कसे तपासायचे?

उत्तर:

आपली सही चुकलेली नाही आणि पिवळ्या प्रश्नचिन्हाचा अर्थ बिलात फेरफार झाला असा होत नाही. मात्र बिल सुरक्षित आहे असाही त्याचा अर्थ होत नाही, त्यामुळे दिवाणजींनी थांबणे गैर नव्हते. त्यांनी काढलेले कारण तेवढे चुकीचे आहे.

पीडीएफ वाचणारा प्रोग्राम, म्हणजे बहुतेकांकडे असतो तो ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर, सही तपासताना दोन वेगळ्या गोष्टी पाहतो. सही झाल्यानंतर फाइलमधले एक तरी अक्षर बदलले आहे का, ही पहिली गोष्ट. ज्या प्रमाणपत्राने सही झाली ते देणारी संस्था या कॉम्प्युटरच्या विश्वासाच्या यादीत आहे का, ही दुसरी. पहिल्या तपासणीत फाइल नापास झाली तर लाल फुली येते. पहिलीत पास होऊन दुसरीचे उत्तर मिळाले नाही तर पिवळे चिन्ह येते. दिवाणजींना सहीच्या चौकटीवर क्लिक करायला सांगा. त्यांना बहुधा ही दोन वाक्ये एकाखाली एक दिसतील:

```
Document has not been modified since this signature was applied
Signer's identity is unknown because it has not been included in
your list of trusted certificates ...
```

पहिले वाक्य सांगते की सहीनंतर दस्तऐवज बदललेला नाही. दुसरे सांगते की सही करणाऱ्याची ओळख या कॉम्प्युटरला पटलेली नाही. आपल्या कॉम्प्युटरवर हिरवी खूण दिसते, कारण डोंगल बसवून देणाऱ्या माणसाने त्याच वेळी मूळ प्रमाणपत्र आपल्या यादीत घालून दिलेले असते. व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते काम कोणी केलेले नाही. हिरवी खूण ही फाइलमध्ये बसून जाणारी वस्तू नाही. प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या यादीवरून ती नव्याने ठरवतो.

आता फेरफार कळतो कसा ते आपल्याच बिलाच्या नमुन्यावर पाहू. समजा बिल 600 किलो हळद पावडरीचे, दर किलोला 210 रुपये, म्हणजे मालाची किंमत 1,26,000 रुपये. त्यावर राज्य आणि केंद्र मिळून 5 टक्के जीएसटी 6,300 रुपये, एकूण 1,32,300 रुपये, आणि खाली आपल्या कंपनीचा बँक खाते क्रमांक. आपण सही करता तेव्हा प्रोग्राम फाइलमधील सगळी बाइट्स एका ठरावीक गणिती पद्धतीतून काढतो आणि त्यातून 64 अक्षरांची एक संख्या निघते. या पद्धतीचे नाव एसएचए-256. फाइल दोन पानांची असो की दोनशे, संख्या तेवढ्याच लांबीची असते. पण फाइलमधला एक आकडा जरी बदलला तरी संख्या ओळखू न येण्याइतकी बदलते. ही संख्या डोंगलमधील खासगी किल्लीने बांधली जाते आणि प्रमाणपत्रासह त्याच फाइलमध्ये ठेवली जाते. खासगी किल्ली डोंगलमध्येच तयार होते आणि बाहेर येत नाही, म्हणून सही करताना डोंगल लावावा लागतो आणि पिन टाकावा लागतो.

सही स्वतः फाइलमध्येच ठेवायची असल्यामुळे तिच्यासाठी आधी एक रिकामी जागा राखून ठेवावी लागते, आणि तेवढी जागा सोडून उरलेली सगळी फाइल मोजली जाते. कोणता भाग मोजला याची नोंद फाइलमध्येच असते. सही केलेली पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडून शोधले तर अशी ओळ सापडेल:

```
/ByteRange [0 48120 64506 2310]
```

याचा अर्थ असा की सुरुवातीपासून 48,120 बाइट्स मोजले, त्यानंतरची सहीची जागा सोडली, आणि 64,506 पासून पुढचे 2,310 बाइट्स मोजले. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज 66,816 होते. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा आकारही नेमका 66,816 बाइट्स असेल, तर सही संपूर्ण फाइलवर आहे. आकार त्याहून जास्त असेल तर सहीनंतर फाइलच्या शेवटी काहीतरी जोडले गेले आहे. दिवाणजींनी रोज ही बेरीज करावी असे माझे म्हणणे नाही, रीडर ते काम स्वतः करतो; पण हा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की सही म्हणजे पानावरचे चित्र नव्हे हे पक्के समजते.

याच बिलावर कोणी हात मारायचे ठरवले तर त्याच्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात, आणि प्रत्येकीचा माग वेगळ्या ठिकाणी दिसतो.

पहिली वाट म्हणजे मेल मध्येच पकडून फाइलमधला खाते क्रमांकच बदलायचा. अशा फाइलची संख्या पुन्हा काढली की ती सहीत बांधलेल्या संख्येशी जुळत नाही. रीडर लाल फुली दाखवतो आणि सांगतो की सहीनंतर दस्तऐवज बदलला आहे किंवा खराब झाला आहे. यातला «खराब झाला आहे» हा भागही लक्षात ठेवावा, कारण अर्धवट डाउनलोड झालेली फाइलसुद्धा लाल फुली दाखवू शकते. म्हणून लाल दिसताच आरोप करू नये. विकणाऱ्याकडून फाइल दुसऱ्या मार्गाने पुन्हा मागवावी, आणि तीही लाल असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

दुसरी वाट जास्त धूर्त आहे. पीडीएफच्या रचनेत मूळ मजकुराला हात न लावता फाइलच्या शेवटी नवा भाग जोडता येतो. टिप्पणी, शिक्का किंवा दुसरी सही अशीच जोडली जाते. खाते क्रमांकावर पांढरी चौकट ठेवून तिच्यात दुसरा क्रमांक लिहिला, तर सहीने मोजलेले बाइट्स जसेच्या तसे राहतात. चांगला वाचक प्रोग्राम हे लपवत नाही. जोडलेला भाग टिप्पणीसारखा असेल तर वरच्या पट्टीत सही वैध असल्याचे लिहून पुढे but with unsigned changes after the last signature असे शेपूट येते, आणि नेमके तेच घाईत वाचायचे राहते. असे दिसले तर सहीच्या पॅनेलमध्ये त्या सहीखाली Click to view this version हा दुवा असतो. तो दाबला की सहीच्या क्षणी बिल जसे होते तसे उघडते. दोन्ही शेजारी ठेवून खाते क्रमांक आणि रक्कम ताडून पाहावी, आणि पैसे सही झालेल्या आवृत्तीप्रमाणेच द्यावेत.

याच संदर्भात रीडर अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व आहे. 2019 मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी 22 डेस्कटॉप पीडीएफ वाचक प्रोग्राम तपासले, तेव्हा 21 प्रोग्रामना कोणत्या ना कोणत्या युक्तीने फसवता आले, म्हणजे बदललेली फाइलही ते वैध म्हणून दाखवत होते. त्यानंतर कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या, पण त्या दुरुस्त्या नव्या आवृत्तीत असतात. आपल्याकडच्या दुकानांत कित्येक वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवरून बसवलेला रीडर तसाच चालू असतो, त्याच्या हिरव्या खुणेवर माझा भरवसा नाही.

तिसरी वाट सगळ्यात सोपी आहे, आणि माझ्या मते व्यापाऱ्याने सगळ्यात जास्त तिचीच काळजी घ्यावी. फसवणारा आपल्या सहीला हातच लावत नाही. तो बिल नव्याने तयार करतो, त्यात स्वतःचा खाते क्रमांक घालतो आणि सहीच्या जागी हिरव्या खुणेचे चित्र चिकटवतो. अशा फाइलमध्ये मोडलेली सही नसते, कारण सहीच नसते. त्यामुळे लाल फुली किंवा पिवळे चिन्ह यापैकी काहीच येत नाही. वरची पट्टीही येत नाही. पानावर मात्र «डिजिटली साइन्ड बाय» आणि ऐटदार हिरवी खूण दिसते. म्हणून पानावरची चौकट कधीच पुरावा मानू नये. रीडरची सहीची पट्टी आणि डावीकडचे किंवा उजवीकडचे सिग्नेचर पॅनेल हेच पाहावे, कारण ते प्रोग्राम स्वतः काढतो आणि बिल बनवणाऱ्याला त्यावर काही चिकटवता येत नाही. ज्या विक्रेत्याकडून नेहमी सही केलेले बिल येते त्याच्याकडून एखादे बिल सहीविना आले, तर ते लाल फुलीइतकेच संशयास्पद समजावे.

याच वाटेची आणखी एक शाखा आहे, आणि इथे पिवळ्या चिन्हाचा प्रश्न पुन्हा येतो. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कोणालाही स्वतःचे डिजिटल ओळखपत्र फुकट तयार करता येते. त्यात नाव आणि कंपनी काहीही टाकता येते, आपल्या कंपनीचे नावसुद्धा, कारण ते कोणी तपासत नाही. अशा घरगुती ओळखपत्राने सही केलेले खोटे बिल व्यापाऱ्याकडे गेले की तिथे काय दिसेल? तेच पिवळे प्रश्नचिन्ह आणि तेच «दस्तऐवज बदललेला नाही» हे वाक्य, कारण खोट्या बिलावर खोट्याने सही केल्यानंतर ते खरोखरच बदललेले नसते. थोडक्यात, आपले खरे बिल आणि हे बनावट बिल व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आज सारखेच दिसतात. पिवळ्या चिन्हाकडे दुर्लक्ष करून «फाइल बदललेली नाही ना, मग झाले» असे म्हणणे यासाठी चालत नाही. ओळखीचा प्रश्न सोडवावाच लागतो.

तो असा सुटतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 प्रमाणे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, म्हणजे सीसीए, हे सगळ्यात वर असतात. ते काही संस्थांना परवाना देतात, आणि त्या संस्था आधार, पॅन, व्हिडिओ अशी पडताळणी करून आपल्यासारख्यांना प्रमाणपत्र देतात. सीसीएचे स्वतःचे एक मूळ प्रमाणपत्र असते. हल्ली दिलेल्या प्रमाणपत्रांच्या साखळीत सगळ्यात वर बहुधा CCA India 2022 हे नाव दिसते. व्यापाऱ्याच्या रीडरला हे एक मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून सांगितले की त्याखाली निघालेली सगळी खरी प्रमाणपत्रे आपोआप ओळखली जातात, मग बिल समुद्रपूरहून आलेले असो की अकोल्याहून.

हे सांगण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे ती मला पसंत नाही. सातबारा असो, आधार असो, सगळीकडे एकच कृती सांगितली जाते: आलेल्या फाइलमधल्याच सहीवर राइट क्लिक करा, प्रमाणपत्र उघडा, सगळ्यात वरचे नाव निवडा आणि Add to Trusted Certificates दाबा. सरकारी संकेतस्थळावरून स्वतः उतरवलेल्या सातबाऱ्यासाठी एक वेळ हे चालेल, कारण फाइल कुठून आली हे आपल्याला ठाऊक असते. मेलने आलेल्या बिलासाठी ही कृती उलटी आहे; ज्याची ओळख तपासायची त्याच्याच खिशातून निघालेले ओळखपत्र आपण खरे मानतो. बनावट बिल बनवणारा आपल्या घरगुती मूळ प्रमाणपत्राला CCA India 2022 असेच नाव देईल, आणि ते एकदा यादीत गेले की त्याची पुढची सगळी बिले हिरवी दिसतील.

म्हणून दिवाणजींनी मूळ प्रमाणपत्र cca.gov.in या सीसीएच्या संकेतस्थळावरून उतरवावे आणि मग रीडरमध्ये घालावे. रीडरमध्ये मेनूतून Preferences उघडायचे, Signatures निवडायचे, Identities & Trusted Certificates समोरचे More दाबायचे, तिथे Trusted Certificates मध्ये जाऊन Import करायचे. आयात झाल्यावर त्याच प्रमाणपत्रावर Edit Trust उघडून Use this certificate as a trusted root यावर खूण करायची. हे काम एका कॉम्प्युटरवर एकदाच करावे लागते. त्यानंतर आपले बिल उघडून Validate All दाबले, इंटरनेट चालू असले आणि दुसरे काही वावगे नसले, की पिवळे चिन्ह जाऊन हिरवी खूण येते. मूळ प्रमाणपत्र बाहेरून आणून घातल्यावरही एखादे बिल पिवळेच राहिले, तर त्याची साखळी कुठे जाते ते उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपले प्रमाणपत्र जुन्या साखळीतले असेल तर तिथे जुन्या वर्षाचे मूळ प्रमाणपत्र दिसेल. तेही त्याच संकेतस्थळावरून घ्यावे.

हिरवी खूण आल्यानंतर एक काम उरते, आणि ते प्रोग्राम करून देत नाही. सही कोणाची आहे ते वाचावे लागते. हिरवी खूण एवढेच सांगते की ही सही एका खऱ्या, पडताळलेल्या प्रमाणपत्राची आहे. ते प्रमाणपत्र आपल्या कंपनीचे आहे की नागपुरातल्या तिसऱ्याच माणसाचे, हे ती सांगत नाही. Show Signer's Certificate मध्ये नावाबरोबर संस्थेचा रकाना असतो. संस्थेच्या वतीने घेतलेल्या प्रमाणपत्रात तिथे कंपनीचे नाव येते. व्यक्तिगत प्रमाणपत्रात तिथे Personal असे लिहिलेले असते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या थोडे पैसे वाचावेत म्हणून एखाद्या संचालकाच्या व्यक्तिगत डोंगलनेच बिलावर सह्या करतात. सही म्हणून ती खरी असली तरी व्यापाऱ्याने त्या माणसाचा कंपनीशी संबंध कसा ओळखायचा? आपले प्रमाणपत्र असे असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी कंपनीच्या नावाचे घ्यावे, आणि सध्यापुरते कंपनीच्या ठरावाची प्रत व्यापाऱ्याकडे देऊन ठेवावी.

व्यापाऱ्याकडे संगणकाची जाण असलेला माणूस असेल आणि महिन्याला पुष्कळ बिले येत असतील तर प्रत्येक फाइल उघडत बसण्याची गरज नाही. पॉपलर या मुक्त संचातली pdfsig ही आज्ञा हेच काम करते, आणि तिचे मला आवडते वैशिष्ट्य असे की ती दोन प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या ओळींत देते:

```
$ pdfsig bill.pdf
  - Signed Ranges: [0 - 48120], [64506 - 66816]
  - Total document signed
  - Signature Validation: Signature is Valid.
  - Certificate Validation: Certificate issuer isn't Trusted.
```

इथे काही ओळी मी गाळल्या आहेत. तिसरी ओळ फाइलविषयी आहे आणि चौथी ओळखीविषयी. आपल्या बिलाची आजची अवस्था नेमकी हीच आहे. आकडा बदललेल्या फाइलवर तिसऱ्या ओळीत Digest Mismatch येते, आणि शेवटी काही जोडले असेल तर दुसऱ्या ओळीत Not total document signed असे येते.

आता आपल्या बाजूने सही करताना काय पाळावे ते सांगतो. बिल टॅलीतून किंवा एक्सेलमधून पीडीएफ करून झाल्यावर, आकडे, खाते क्रमांक आणि व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक शेवटचा तपासून झाल्यावरच सही करावी, कारण त्यानंतर पानाचा क्रमांक घालायचा म्हटले तरी सही मोडते. रीडरमध्ये Use a certificate या साधनातून Digitally sign निवडून चौकट ओढली, प्रमाणपत्र निवडले की पिन टाकण्याआधी Lock document after signing ही खूण करायची जागा दिसते. तिथे खूण जरूर करावी. तिच्यामुळे सहीनंतर कोणतीही भर घालण्यास मनाई असल्याचे फाइलमध्येच नोंदले जाते, आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या वाटेने कोणी गेलेच तर रीडर शेपूट लावून वैध म्हणत बसत नाही, सही सरळ अवैध ठरवतो.

सहीच्या वेळेबाबतही एक खोच आहे. साधी सही केली तर तिच्यात पडणारी वेळ आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची असते, आणि पॅनेलमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले दिसते. घड्याळ मागे करून कालची तारीख टाकता येते, म्हणून त्या वेळेला फारशी किंमत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून वेळमुद्रेचा, म्हणजे टाइमस्टॅम्पचा पत्ता मिळत असेल तर तो Preferences मध्ये Signatures खाली Document Timestamping मध्ये नोंदवावा. मग सहीबरोबर बाहेरच्या सर्व्हरची वेळ बांधली जाते. याचा उपयोग पुढे होतो. आपले प्रमाणपत्र जास्तीत जास्त 3 वर्षांचे असते, पण जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात. म्हणजे बिल जपून ठेवायचे असताना प्रमाणपत्राची मुदत संपलेली असणार. त्या वेळी सही मुदतीतच झाली होती हे वेळमुद्रा दाखवते; ती नसेल तर आपल्या घड्याळाच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागते. सही करताना इंटरनेट चालू असले पाहिजे एवढीच याची अडचण, आणि समुद्रपूर भागात पावसाळ्यात ती अडचण लहान नसते. लाइन नसेल तर बिल दोन तास थांबवावे, असे माझे मत आहे.

पाठवताना मूळ फाइलच पाठवावी. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली पीडीएफ जशीच्या तशी पोहोचते आणि सही टिकते. बिलाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवला तर सही उरत नाही. दोन बिले जोडून एक फाइल केली, फाइल हलकी करणाऱ्या संकेतस्थळातून काढली किंवा सही झालेल्या बिलाचे पुन्हा «प्रिंट टू पीडीएफ» केले, तरी सही जाते आणि तिचे चित्र तेवढे राहते. व्यापाऱ्याने बिलाची छापील प्रत फाइलला लावली तर लावू द्या, पण त्या कागदावर तपासण्यासारखे काहीच नसते, म्हणून त्याने मूळ पीडीएफही जपावी. मोबाइलवरच्या बहुतेक पीडीएफ वाचकांत आणि ब्राउझरमध्ये सहीची चौकट दिसते, पण सही तपासली जात नाही. दिवाणजींनी पेमेंटपूर्वीची तपासणी कॉम्प्युटरवरच करावी.

काही व्यापारी विचारतात की ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड असेल तर ही सगळी खटपट कशाला. ई-इनव्हॉइस वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांच्या वर गेलेल्यांना लागू आहे, त्यामुळे आपल्या कंपनीचा बहुधा त्याच्याशी संबंध येणार नाही. पण ज्यांना लागू आहे त्यांच्याही क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम अशाच गोष्टी असतात आणि त्यावरची सही पोर्टलची असते. बँक खाते क्रमांक त्यात नसतो. क्यूआर तपासून रक्कम जुळली म्हणून खाते क्रमांकही खरा, असे मानता येत नाही. जीएसटी नियम 46 मध्ये बिलावर सही किंवा डिजिटल सही हवी असे आहे आणि 2018 च्या अखेरच्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक बिलाला त्यातून सूट मिळाली आहे. पण आपला प्रश्न नियमाचा नाही. 1,32,300 रुपये बरोबर खात्यात पडावेत याचा आहे.

डिजिटल सही जे सांगू शकत नाही तेही व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. 600 किलोच्या जागी चुकून 6,000 किलो टाइप झाले आणि त्यावर सही झाली, तर सही निर्दोषच दिसेल. बटण दाबणारा हात कोणाचा होता, हेही तिला माहीत नसते. ग्रामपंचायतींत सरपंच आणि ग्रामसेवक यांचे डोंगल आणि पिन संगणक चालवणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि उत्पादक कंपन्यांत फार वेगळे चित्र नसते. पिन जाणणारा आणि डोंगल हाताळणारा माणूस एकच असावा, आणि तो बिल बनवणारा नसावा. दोन माणसे असतील तर एकाने बिल बनवावे, दुसऱ्याने वाचून सही करावी. डोंगल हरवला किंवा पिन फुटला तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे. रद्द प्रमाणपत्रांची यादी रीडर इंटरनेटवरून पाहतो, आणि रद्द केल्यानंतर त्या डोंगलने झालेली सही व्यापाऱ्याकडे वैध ठरत नाही.

आजच्या अडकलेल्या पेमेंटसाठी दिवाणजींना फोन करून मूळ प्रमाणपत्र सीसीएच्या संकेतस्थळावरून घालायला सांगा, तेच बिल पुन्हा तपासायला लावा, आणि पॅनेलमध्ये दिसणारे सही करणाऱ्याचे व संस्थेचे नाव फोनवर वाचून घ्या. नाव जुळले आणि हिरवी खूण आली तर नवीन बिल पाठवण्याचे कारण नाही. एकाच क्रमांकाची दोन बिले फिरू लागली की पुढचा घोळ हिशेबाचा होतो. पुढे कधी खाते क्रमांक खरोखरच बदलावा लागला, तर तो बिलावर नुसता छापून पाठवू नका. आधी कंपनीच्या लेटरहेडवर वेगळे पत्र सही करून द्या, आणि व्यापाऱ्याने आपल्या जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय नव्या खात्यात रुपया टाकू नये, असे त्या पत्रातच लिहा.